बंद मशीनमधलं पाणी

बाईंच्या मुलाचा आवाज हल्ली मऊ झाला होता, आणि बाईंचं डोकं फिरायला तेवढं पुरेसं होतं.

मूळचा तो खेकसणारा. "बाई, टॉवेल कुठंय" हेसुद्धा घराला आग लागल्यासारखं विचारायचा. बाईंना त्याची सवय होती. पण गेल्या काही दिवसांपासून तो जवळ येऊन बसायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि प्रत्येक शब्द वेगवेगळा गुंडाळून हातात दिल्यासारखा बोलायचा. "आई. आज. कसं. वाटतंय?" तो विमा कंपनीत धोक्यांचा अंदाज बांधायचं काम करत होता. दिवसभर लोकांच्या गाड्या, गोदामं आणि हृदयं कधी बंद पडतील याचा हिशोब करून तो घरी यायचा, आणि घरी त्याला एकच गोष्ट हिशोबाला मिळायची. ती सोफ्यावर बसून शब्दकोडं सोडवत असायची.

बाई म्हणजे शाळेच्या परीक्षा विभागात आयुष्य काढलेल्या बाई. पेपर फुटू न देणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही फुटला नाही. गठ्ठ्यांवर लाख ओतून शिक्का मारायच्या, म्हणून पोरांनी त्यांना "लाखबाई" नाव ठेवलं होतं. पुढे लाख गेली, कागदी पट्ट्या आल्या, तरी नाव राहिलं. घरात सून सोडून सगळे त्यांना बाईच म्हणत, अगदी मुलगासुद्धा, हा मऊपणा सुरू व्हायच्या आधी.

सुरुवात झाली ती गुरगुरण्यापासून.

स्वयंपाकघरात ओट्याखाली डिशवॉशर होतं. त्याला हात लावायचा अधिकार फक्त मुलाला होता. ताट कुठल्या खाचेत, वाटी कुठल्या कोनात, चमचे उताणे की पालथे, याचं त्याचं एक शास्त्र होतं. बायकोने एकदा कढई आडवी ठेवली तर रात्री झोपायच्या आधी त्याने तो विषय काढला होता. त्यामुळे दिवसभर खरकटी भांडी सिंकमध्ये साचायची, रात्री मुलगा ती मशीनमध्ये रचायचा, मशीन लावायचा, आणि धुतलेली भांडी काढून ठेवूनच झोपायचा. दिवसा मशीन रिकामं, दार लावून गप्प. निदान तसं सगळे समजत होते.

एका दुपारी बाई कोड्यातल्या आडव्या शब्दावर अडल्या असताना मशीन गुरगुरलं. आपोआप. थोडा वेळ गुरगुरलं, घशात काहीतरी अडकल्यासारखं केलं आणि थांबलं. बाईंनी जाऊन दार उघडलं. आत काही नाही, तळाला नेहमीची ओल. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच, आणि मग बहुतेक रोजच.

शेवटी एका रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "तुझं ते मशीन दुपारी आपणहून गुरगुरतं."

"बंद मशीन?" मुलगा म्हणाला.

"बंदच."

"गेल्या रविवारी मी दिवसभर घरी होतो. काही ऐकू आलं नाही."

"शनिवार-रविवारी नाही करत. एरवी करतं."

मुलाने बायकोकडे पाहिलं. सून दाताची डॉक्टर होती, आणि सुईच्या आधी बोलायचा तिचा खास सूर घरातही चालायचा. "आई, कधी कधी शेजारच्यांचे आवाजसुद्धा आपल्याकडचे वाटतात," ती म्हणाली. "काळजीचं काही नाही." बाईंच्या लक्षात आलं की काळजीचं काहीतरी आहे, आणि ते आपण आहोत.

मशीनबद्दल मुलाचीही एक तक्रार होती. पाणी भरायलाच ते एवढा वेळ घेतं की धुणं अर्ध्या रात्रीपर्यंत लांबतं. पण त्याला साबण बदलायचा होता, आणि साबण बदलल्यावरही फरक पडला नाही तेव्हा त्याला आणखी महागाचा साबण आणायचा होता. आईच्या गुरगुरण्याशी या गोष्टीचा संबंध असेल, असं त्याच्या मनाला शिवलं नाही. एक तक्रार त्याची होती, दुसरी आईची. दोन्ही एका मशीनच्या कशा असतील?

गुरगुरण्यावर त्याने आपल्या धंद्याला साजेसा उपाय काढला. "उद्यापासून सकाळी निघताना मशीनचा प्लग बंद करून जायचं. म्हणजे आवाजाचा प्रश्नच मिटला." ओट्याच्या वर भिंतीवर बटण होतं. ते तो स्वतः बंद करून गेला.

आवाजाचा प्रश्न मिटला. दुपारी बाई स्वयंपाकघरात गेल्या तर पाय ओले झाले.

पाणी मशीनच्या दाराखालून येत होतं. बाईंनी दार उघडलं, आणि आतलं तळं त्यांच्या पायांवर आलं. बटण बंद. दिवा बंद. आणि आत पाणी काठोकाठ. बाईंनी जे केलं ते त्यांच्या पिढीतल्या कुठल्याही बाईने केलं असतं. आधी मशीनचा नळ पिळून बंद केला, नंतर प्लास्टिकचा मग घेऊन उरलेलं पाणी बादलीत काढलं, फडकी लावली, पिळली, फरशी पुसली, पुन्हा कोरडी पुसली. आणि सगळं लखलखीत करून, मुलगा यायच्या सुमाराला, जागच्या जागी लावायच्या सवयीने नळही पहिल्यासारखा उघडून ठेवला. पुसणं चालू असतानाच खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक डाग पडला होता, आणि तो कुठल्यातरी बेटासारखा दिसतोय हे त्यांनी दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा पुरावा म्हणून उरलं होतं काय? कोरडी फरशी, कोरडं मशीन, आणि मशीनशेजारी तो मग.

"बंद मशीन पाण्याने भरलं," बाई म्हणाल्या.

मुलगा त्या मगाकडे बघत राहिला. नंतर खाली बसला, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या मऊ आवाजात विचारलं, "आई. तू. त्यात. पाणी. ओतलंस. का?"

त्या क्षणी बाईंना जे वाटलं त्याला राग म्हणणं कमीपणाचं होईल. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांच्या बाह्यांत लपवलेल्या चिठ्ठ्या पकडल्या, तिला तिच्याच पोटचा पोरगा विचारत होता की तू भांड्यांच्या मशीनला बादली समजलीस का. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आवाज चढला असता, आणि चढलेला आवाजही आता लक्षणांत धरला गेला असता.

तसं पुन्हा झालं. आणखी एकदाही. दर वेळी कामाच्या दिवशी, दुपारी, बाई एकट्या असताना. दर वेळी बाई पुसून ठेवायच्या, कारण ओली फरशी तशीच टाकून बसणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. आणि त्यांच्या प्रत्येक पुसण्याबरोबर मुलाचा अंदाज पक्का होत होता. गुरुवारी रात्री त्याने बातमी दिली.

"सोमवारपासून एक ताई येणार आहेत. दिवसभर तुझ्यासोबत राहतील."

"माझ्यासोबत कशाला?"

"गप्पा मारायला. खाणंपिणं बघायला. त्यांना अशा लोकांचा अनुभव आहे."

"कशा लोकांचा?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. सून मदतीला धावली. "आई, पहिले चार दिवस जड जातील, मग सवय होते."

"तुझ्या पेशंटांनाही तू हेच सांगतेस," बाई म्हणाल्या. "दाढ काढल्यावर."

त्या रात्री बाई खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. सोमवारी कुणी एक अनोळखी बाई येणार, आपल्याला जेवलात का, औषध घेतलंत का असं मऊ आवाजात विचारणार, आणि एकदा ती आली की आपलं कुठलंच म्हणणं पुन्हा कधी खरं धरलं जाणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. वेडं होण्यापेक्षा वेडं ठरवलं जाणं वाईट. ठरवणारे नंतर निवांत चहा पितात. शनिवार-रविवारी मशीन गप्प असायचं, म्हणजे हातात फक्त शुक्रवार होता.

बाईंनी कपाटातून डिंकाची बाटली आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. त्या अजून जपून ठेवल्या होत्या. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

शुक्रवारी सकाळी मुलगा भिंतीवरचं बटण बंद करून बूट घालत होता, तेवढ्यात बाईंनी त्याला आत बोलावलं. सुनेलाही.

"मशीन उघडून दाखव," त्या म्हणाल्या.

"आई, मला मीटिंग आहे."

"उघड."

या सुरापुढे त्याने चौथीचे पाढे म्हटले होते. त्याने दार उघडलं. आत कोरडं, रिकामं. समोरच्या कोपऱ्यात वाटीएवढं प्लास्टिकचं टोपण खाली बसलेलं होतं. बाईंनी दार लावलं, दाराच्या आणि ओट्याच्या फटीवर तीन ठिकाणी पट्ट्या चिकटवल्या, आणि पेन पुढे केलं.

"सही करा. पट्टीवर अर्धी, ओट्यावर अर्धी. दोघांनी."

"ओट्यावर?" सून म्हणाली. "संगमरवर आहे तो."

"पुसता येतं. मी पुसेन. मला पुसायचा अनुभव आहे."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ते पाहणं बाईंना आता पाठ झालं होतं. "करून टाकू," तो हळूच म्हणाला, लहान मुलाच्या खेळात चहा पितात तसा. दोघांनी सह्या केल्या आणि निघून गेले.

मग बाई खाली गेल्या आणि काकांच्या दारावर टकटक केली.

"आज दुपारी तुमच्याकडे गळेल. बादली लावा आणि वर या."

काका डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले होते. त्यांनी आयुष्यात बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या, पण गळतीचं आमंत्रण पहिल्यांदाच आलं होतं. "अहो बाई, गळणार माहीत आहे तर नळ बंद करा की."

"नळ बंद केला तर मी वेडी राहते," बाई म्हणाल्या. "पाणी आलं तर तुमचं छत जाईल. छताला रंग देता येतो."

काकांनी बादली लावली.

दुपारी दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्च्या टाकून बसले. बाईंनी सिंकचा नळ सोडून दाखवला. धार दोऱ्यासारखी बारीक. "रोज असंच होतं," त्या म्हणाल्या. "लोक कामावर गेले की इमारतीचा पंप बंद करतात. वीज वाचते म्हणे. संध्याकाळी सुरू."

"आणि सुट्टीच्या दिवशी चालूच असतो," काका म्हणाले. "सगळे घरी असतात ना. बोंब मारतील."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पुन्हा म्हणा."

"बोंब मारतील."

"त्याच्या आधीचं."

काकांनी पुन्हा म्हटलं. बाईंनी नळ बंद केला. रविवारी का नाही, याचं उत्तर त्यांच्या हातात आलं होतं, निदान अर्धं. मुलाला अर्धं पुरलं नसतं. त्याला पाणी दाखवायला हवं होतं.

पाणी आलं. आधी दाराच्या खालच्या कडेला एक रेघ, मग रेघेचा ओघळ, मग तो टाइलांच्या सांध्यातून सरळ बाईंच्या खुर्चीकडे निघाला. पट्ट्या जागच्या जागी, सह्या जागच्या जागी. बाईंचा हात फडक्याकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा गेला. शेवटी त्या हातांवर बसल्या.

"पुसू का मी?" काका म्हणाले.

"हात लावाल तर तुमच्याही सह्या घेईन." मग त्यांनी पाय उचलून स्टुलावर ठेवले आणि मुलाला फोन केला. "घरी ये. आत्ता. बायकोलाही घेऊन ये."

"आई, काय झालं? तू. ठीक. आहेस. ना?"

"मी ठीक आहे. तुझी सही ओली होतेय."

दोघं आली तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याला लागेल असं नव्हे, पण मोजे भिजतील एवढं पाणी होतं. मुलाचे भिजले. खुर्चीत आई, पाय स्टुलावर. शेजारच्या खुर्चीत काका, पाय मांडीखाली.

"काय चाललंय काय हे?" मुलगा खेकसला. कितीतरी दिवसांनी. बाईंना बरं वाटलं.

"पट्ट्या बघ."

त्याने बघितल्या. सुनेने वाकून तिन्ही तपासल्या, तोंडात आरसा घालून बघावं तशा. "नाही उघडलेल्या," ती म्हणाली.

"प्लग?"

मुलाने वर बघितलं. बंद. त्याने पट्ट्या फाडल्या आणि दार उघडलं, आणि आतलं पाणी त्याच्या मोज्यांवरून पुढे गेलं. मशीन काठापर्यंत भरलेलं होतं. कोपऱ्यातलं प्लास्टिकचं टोपण वर उचललं गेलं होतं, आणि मागच्या बाजूने, बारीक, न थांबता, पाणी येतच होतं. दिवा बंद, बटण बंद, मशीनमध्ये जीव म्हणून काही नाही. तरी पाणी येत होतं.

"हे... चालू कसं असेल?" मुलगा म्हणाला.

"चालू नाहीये. मी तेच सांगत होते. तेव्हा तू मगाकडे बघत होतास."

काही तरी करायला हवं म्हणून त्याने दार लावलं, हात पुसले आणि भिंतीवरचं बटण चालू केलं.

मशीन गुरगुरलं.

घशात काहीतरी अडकल्यासारखं. सिंकच्या नळीतून पाणी बाहेर जायचा आवाज आला. दाराखालचा ओघळ थांबला. आतलं पाणी ओसरलं तसं थोड्या वेळाने गुरगुरणंही थांबलं, आणि स्वयंपाकघरात फक्त काकांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"शेजारच्यांचा आवाज," बाई सुनेला म्हणाल्या. "काळजीचं काही नाही."

सून लाल झाली. मुलाने वाकून मशीनच्या नळाची चावी पिळली.

तासाभराने, इमारतीचा पंप सुरू व्हायच्या आधीच, मेकॅनिक आला. घाईत होता, आणि गुडघा दुखतो म्हणून खाली बसायच्या आधीच निदान करून मोकळा झाला. "भरून वाहतंय म्हणजे फ्लोट खराब. हे टोपण बघा, पाण्याबरोबर वर येतं. खाली स्विच असतो. ठराविक पातळीच्या वर गेलं की पाणी तोडायचं आणि पंप लावून बाहेर फेकायचं, एवढंच त्याचं काम. फ्लोट अडकला की वाहतं. बदलून देतो."

"खराब असता तर गुरगुरला कसा असता?" बाई म्हणाल्या.

मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं, मग मुलाकडे. मेकॅनिकने नळ पुन्हा उघडला, मशीन भरायला लावलं आणि मधेच भिंतीवरचं बटण बंद केलं. धार कमी झाली, पण थांबली नाही. तो शेवटी गुडघ्यावर बसला.

"इनलेट व्हॉल्व्ह. पाणी आत घेणारी झडप," तो म्हणाला.

खालचा पत्रा काढून त्याने व्हॉल्व्ह सोडवला. तोंडाची जाळी मातीने बुजलेली होती. "म्हणून भरायला वेळ लागत होता," तो म्हणाला, आणि मुलाने सिंकखालच्या महागड्या साबणाकडे बघायचं टाळलं. आतलं रबर कडक झालेलं, त्यात वाळूचा एक कण रुतलेला. "हे रबर पाण्याच्या दाबानेच बसतं. दाब चांगला असला की कसंबसं बसायचं. दाब उतरला की फट राहते, मग वीज असो नसो, पाणी झिरपणारच. दुपारी दाब उतरतो का तुमच्याकडे?"

"दोऱ्यासारखा," काका म्हणाले. ते अजून गेले नव्हते.

"मग फ्लोट रोज दुपारी पाणी फेकत असणार. तुमचं मशीन स्वतःला वाचवत होतं." मेकॅनिकने नवीन व्हॉल्व्ह पाकिटातून काढला. "तेव्हा फक्त प्लग बंद ठेवू नका. त्याने फ्लोटचाच गळा दाबला जातो. कोण बंद करायचं?"

मुलगा टायची गाठ चाचपू लागला. मेकॅनिकने व्हॉल्व्ह बसवला, चाचणी घेतली. बटण बंद करताच पाणी थांबलं, तोडल्यासारखं. तो लंगडत निघून गेला. त्याच्यामागे काकाही गेले, बादली बघायला.

फरशी अजून ओलीच होती. बाईंचे पाय अजून स्टुलावर होते.

मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवायला निघालेला हात त्याने मधेच कुठेतरी थांबवला आणि खिशात घातला. "बाई," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी. "झालं ते झालं. आता दुरुस्त झालंय."

"सोमवारची बाई?"

"सांगतो तिला. मेसेज करतो."

"फोन कर. इथे, मला ऐकू येईल असा."

त्याने फोन लावला. पलीकडे त्या ताईंचा आवाज आला, तोच मऊ, गुंडाळून हातात दिलेला. मुलगा म्हणाला, आता गरज नाही. पलीकडून प्रश्न आला, का, आजींना बरं वाटतंय का?

मुलाने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होती, परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बघतात तशी.

"त्यांना काही झालेलंच नव्हतं," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह खराब होता."

बाई बघत राहिल्या.

"आणि मी प्लग बंद करत होतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

बाईंचा राग गेला नव्हता. इतक्या दिवसांचा राग एका वाक्याने जायला तो काही मशीनमधलं पाणी नव्हता. पण तो आता कुठे ठेवायचा हे त्यांना समजलं होतं. त्यांनी बोटाने सिंकखालची बादली दाखवली.

मुलगा फरशीवर बसला. बांधलेल्या टायसकट. सून पलीकडून फडकं घेऊन आली. ओट्यावर दोघांच्या अर्ध्या अर्ध्या सह्या अजून होत्या, शाई पसरलेली, आणि ओटा पुसेन असं म्हटल्याचं बाईंच्या पक्कं लक्षात होतं. त्यांनी फक्त ते आज करायचं ठरवलं नव्हतं. पुसता पुसता मुलगा त्यांच्या खुर्चीपाशी आला, तेव्हा त्यांनी स्टुलावरचे पाय आणखी थोडे वर उचलले.

"कोपऱ्यात राहिलंय," त्या म्हणाल्या.